परिषदेच्या आयोजकांकडे स्वीकृतिपत्र कसे मागावे

लिस्बनमधील एका आंतरराष्ट्रीय परिषदेत माझा शोधनिबंध स्वीकारला गेल्याची मेल 24 जूनला आली आणि दुसऱ्याच दिवशी मी तिची छापील प्रत जोडून प्रवासखर्चाचा अर्ज कार्यालयात दिला. मी मुंबईच्या उपनगरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. परदेशी परिषदेला जाण्याची ती माझी पहिलीच वेळ होती. 26 तारखेला अर्ज परत आला. समासात लाल शाईने शेरा होता, ‘आयोजकांचे औपचारिक पत्र जोडावे.’ मी तशीच लेखा विभागात गेले. तिथले ज्येष्ठ लिपिक, ज्यांना सारे महाविद्यालय अण्णा म्हणते, त्यांनी मेलची प्रत माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, यात तुमचं नाव कुठे आहे ते मला दाखवा.”

नाव नव्हते. ‘प्रिय लेखक, आपला 147 क्रमांकाचा शोधनिबंध स्वीकारण्यात आला आहे हे कळवताना आनंद होतो’ अशी ती मेल होती. निबंध जमा करून घेणाऱ्या ईझीचेअरसारख्या प्रणालीतून एकाच साच्यातली मेल सगळ्या लेखकांना एकाच वेळी जाते, त्यामुळे तिच्यात निबंधाचा क्रमांक आणि शीर्षक असते, परीक्षकांचे अभिप्राय असतात, आणि तळाशी कार्यक्रम समितीच्या अध्यक्षांची नावे असतात. परिषद कोणत्या शहरात आहे, कोणत्या तारखांना आहे, निबंध कोण सादर करणार, प्रत्यक्ष हजर राहायचे की ऑनलाइन, आणि या सगळ्याचा खर्च कोण करणार, यांतले बहुधा काहीही तिच्यात नसते. संशोधकाला या गोष्टी आधीच ठाऊक असतात, म्हणून त्या नसल्याचे त्याच्या लक्षातही येत नाही.

अण्णांचा मुद्दा मला तेव्हा अडवणुकीचा वाटला होता. नंतर त्यांनी समजावून सांगितल्यावर तो पटला. फाइल आज मंजूर होते, पण तिचे लेखापरीक्षण कधीतरी नंतर होते, आणि त्या वेळी तपासणाऱ्यापुढे मी नसते, फक्त कागद असतात. त्या कागदांवरून त्याला चार गोष्टी दिसाव्या लागतात: कोणी कोणाला, कोणत्या कामासाठी, कुठे आणि कोणत्या दिवशी बोलावले, आणि तोच खर्च आयोजकांनीही दिलेला नाही ना. स्वीकृतीची मेल खरी असली तरी यांतल्या एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. ‘औपचारिक पत्र’ म्हणजे शोभेचे लेटरहेड नव्हे, तर या चार उत्तरांचा एक पानी कागद, हे मनात पक्के झाले की पुढे काय मागायचे ते आपोआप ठरते.

मला ते तेव्हा समजलेले नव्हते, म्हणून त्याच रात्री मी परिषदेच्या सर्वसाधारण संपर्काच्या पत्त्यावर तीन ओळींचे पत्र पाठवले: माझा निबंध स्वीकारला गेला आहे, मला महाविद्यालयाकडून निधी मिळण्यासाठी आपले निमंत्रणपत्र हवे आहे, कृपया लवकर पाठवावे. उत्तर आले 3 जुलैला, तेही नोंदणी कक्षाकडून. त्यात दोन वाक्ये होती. पहिले असे, की व्हिसासाठीची निमंत्रणपत्रे पूर्ण नोंदणी शुल्क भरलेल्यांनाच दिली जातात. दुसरे असे, की परिषदेला आर्थिक मदत देणे शक्य नाही, याबद्दल क्षमस्व. मी यांतले काहीच मागितले नव्हते. पण माझे पत्र पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की, ज्याला माझे महाविद्यालय आणि अण्णा माहीत नाहीत त्याने त्या तीन ओळींचा दुसरा अर्थ तरी काय लावावा? ‘निमंत्रणपत्र’ या शब्दामुळे ते व्हिसाच्या टेबलावर गेले आणि ‘निधी’ या शब्दामुळे मदत मागणाऱ्यांच्या ढिगात पडले.

इथे शब्दांचा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण नवीन माणसाचा आठवडा हमखास इथेच वाया जातो. परिषदेकडून लेखकाला तीन वेगवेगळी पत्रे मिळतात. स्वीकृतिपत्र सांगते की अमुक लेखकाचा अमुक निबंध परीक्षणानंतर सादरीकरणासाठी स्वीकारला आहे. तो निर्णय कार्यक्रम समितीचा असतो, म्हणून ते पत्रही त्या समितीच्या अध्यक्षांनीच द्यायचे असते. निमंत्रणपत्र हे वकिलातीला दाखवण्यासाठी असते. त्यात पासपोर्टचा तपशील असतो, आणि ते स्थानिक आयोजन समिती किंवा तिने नेमलेला नोंदणी कक्ष देतो. नोंदणीच्या नावाखाली केवळ व्हिसा मिळवू पाहणारे लोक असल्यामुळे हे पत्र बहुतेक परिषदा शुल्क भरल्याशिवाय देत नाहीत, आणि त्यात त्यांची चूक नाही. तिसरे उपस्थितीचे प्रमाणपत्र. ते परिषद झाल्यावर मिळते आणि त्याचे काम बिलाच्या वेळी पडते.

कार्यालयाला मंजुरीसाठी लागते ते पहिले पत्र. आपण मागतो दुसरे. त्यातून असा पेच तयार होतो की आयोजक म्हणतात शुल्क भरा मग पत्र देतो, आणि कार्यालय म्हणते पत्र आणा मग शुल्काची मंजुरी देतो. माझ्या एका सहकाऱ्याने हा पेच स्वतःच्या खिशातून शुल्क भरून सोडवला होता आणि पुढे मंजुरीच्या आधीच्या तारखेची पावती म्हणून ती रक्कम नाकारली गेली. पेच सोडवायची खरी जागा स्वीकृतिपत्र हीच आहे, कारण निबंध स्वीकारला गेला ही गोष्ट शुल्क भरण्यावर अवलंबून नसते. ती आधीच घडून गेलेली असते, आणि घडलेल्या गोष्टीचे पत्र द्यायला सहसा कोणी नकार देत नाही.

4 जुलैला मी दुसरे पत्र लिहिले. या वेळी ते कार्यक्रम समितीच्या दोन्ही अध्यक्षांना, त्यांच्या विद्यापीठांच्या पत्त्यांवर पाठवले. ते पत्ते परिषदेच्या संकेतस्थळावर समितीच्या पानावर दिलेले होते. स्वीकृतीची मूळ मेल ज्या पत्त्यावरून येते त्याला उत्तर पाठवले तर ते बहुधा कोणी वाचत नाही. मेल माझ्या महाविद्यालयाच्या पत्त्यावरून पाठवली, कारण कोणत्या तरी खासगी पत्त्यावरून आलेल्या मागणीवर त्यांनी सही का करावी? विषयाच्या ओळीत ‘निबंध क्रमांक 147’ आणि ‘स्वीकृतिपत्राची विनंती’ हे दोन्ही लिहिले. शेकडो लेखकांशी एकाच वेळी पत्रव्यवहार करणाऱ्या माणसाला निबंधाचा क्रमांक दिसला की नोंद एका शोधात सापडते; नाव आणि शीर्षकावरून ती शोधावी लागते.

पत्र अर्थातच इंग्रजीत होते. त्याचा आशय मराठीत असा:

‘महोदय, महोदया, आमचा निबंध क्रमांक 147 (पुढे पूर्ण शीर्षक) आपण परिषदेसाठी स्वीकारल्याची मेल 24 जून रोजी मिळाली, त्याबद्दल आभार. निबंध मी सादर करणार आहे. प्रवास आणि नोंदणी यांचा खर्च माझे महाविद्यालय करणार आहे, परंतु त्याच्या मंजुरीसाठी आमच्या लेखा विभागाला परिषदेच्या लेटरहेडवरील, सही केलेले स्वीकृतिपत्र आवश्यक असते. प्रणालीतून आलेली मेल ते ग्राह्य धरत नाहीत. आपणाकडे मी कोणत्याही आर्थिक साहाय्याची किंवा व्हिसासाठीच्या निमंत्रणपत्राची मागणी करत नाही. ते पत्र मी नोंदणी झाल्यावर नोंदणी कक्षाकडून घेईन. आपला वेळ वाचावा म्हणून पत्राचा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात आपल्याला योग्य वाटेल तो बदल करावा. मंजुरी देणाऱ्या समितीची बैठक 18 जुलैला आहे आणि प्रस्ताव 11 जुलैपर्यंत द्यावा लागतो. त्यापूर्वी पीडीएफ मिळाल्यास मला सवलतीच्या शुल्काच्या मुदतीत, म्हणजे 31 जुलैपर्यंत, नोंदणी करता येईल.’

यातल्या एका वाक्याचे श्रेय माझे नाही. ‘मी कोणत्याही आर्थिक साहाय्याची मागणी करत नाही’ हे वाक्य आमच्या विभागप्रमुख मॅडमनी घालायला लावले. त्या म्हणाल्या, “समोरच्याला आधी धास्ती वाटते की सही केली की पैशाचं बंधन आलं. ती धास्ती पहिल्यांदा काढून टाक.” शेवटच्या वाक्यातील तारखांचाही उपयोग झाला असावा. ‘लवकर पाठवावे’ म्हटले की समोरचा माणूस आपल्या सवडीने लवकर ठरवतो. 11 जुलै म्हटले की त्याला ते काम कॅलेंडरवर ठेवता येते. मी खरी तारीख दिली, त्याआधीची खोटी तारीख दिली नाही, कारण पुढे दुरुस्ती मागायची वेळ आली तर आपला शब्द खरा असल्याचा उपयोग होतो, आणि ती वेळ आली.

आता मसुद्याबद्दल. आपले स्वीकृतिपत्र आपणच लिहून पाठवावे का, असा संकोच पुष्कळांना वाटतो. मलाही वाटला होता. परंतु अध्यक्ष हे बहुतेक वेळा दुसऱ्या कुठल्या तरी विद्यापीठातले प्राध्यापक असतात, परिषदेचे काम विनामोबदला करतात, आणि आमच्या लेखा विभागाला काय लागते हे त्यांना कळण्याचा मार्ग नाही. मसुदा पाठवला नाही तर ते आपल्या समजुतीने दोन ओळी लिहितात, आपण त्या अण्णांकडे नेतो, अण्णा आणखी एक शेरा मारतात, आणि आपल्याला दुसऱ्यांदा त्रास देण्याची लाज वाटते. मसुदा वर्ड फाइलमध्ये पाठवावा, कारण पीडीएफ पाठवली तर त्यांना ती पुन्हा टाइप करावी लागते. फाइलच्या नावात निबंधाचा क्रमांक असावा, जसे `Paper147_AcceptanceLetter_Draft.docx`.

माझ्या मसुद्यात एवढेच होते: वर पत्राच्या तारखेसाठी मोकळी जागा, मग माझे नाव, पद, विभाग आणि महाविद्यालयाचे नाव, त्याखाली मजकूर. ‘आपला “—” या शीर्षकाचा निबंध (क्रमांक 147) तज्ज्ञ परीक्षणानंतर मौखिक सादरीकरणासाठी स्वीकारण्यात आला आहे. परिषद 13 ते 16 ऑक्टोबर या काळात लिस्बन, पोर्तुगाल येथे होणार आहे. परिषदेच्या नियमानुसार प्रत्येक स्वीकृत निबंधाच्या किमान एका लेखकाने नोंदणी करून प्रत्यक्ष उपस्थितीत सादरीकरण करणे आवश्यक आहे, आणि आपण हा निबंध सादर करणार असल्याचे आम्हाला कळवण्यात आले आहे. लेखकांसाठी सवलतीचे नोंदणी शुल्क 31 जुलैपर्यंत 450 युरो आणि त्यानंतर 580 युरो आहे. आयोजक आपला प्रवास, निवास अथवा नोंदणी यांचा खर्च करणार नाहीत.’ खाली सही करणाऱ्याचे नाव, परिषदेतील पद, मूळ संस्था आणि मेलचा पत्ता.

यातील प्रत्यक्ष उपस्थितीचे वाक्य सर्वांत जास्त उपयोगी पडले. परिषदा आता ऑनलाइनही भरतात हे मंजुरी देणाऱ्या समितीतल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि ‘घरून सादर करता येत असेल तर एवढा खर्च कशाला’ हा प्रश्न बैठकीत येतोच. त्याचे उत्तर आपण तोंडी दिले तर ते आपले मत ठरते. आयोजकांच्या पत्रात असले तर तो नियम ठरतो. मात्र हे वाक्य तेव्हाच लिहावे जेव्हा परिषदेचा तसा नियम खरोखर असेल. निबंध मागवणाऱ्या मूळ आवाहनात किंवा नोंदणीच्या पानावर तो असतो. मी त्या पानाची प्रतही जोडली. तसेच सादरीकरणाच्या प्रकाराबाबत. भित्तिपत्रक म्हणजे पोस्टर स्वीकारले गेले असेल आणि कार्यालयात मौखिक सादरीकरणालाच प्राधान्य मिळत असेल, तर ‘जरा मौखिक असे लिहाल का’ ही विनंती करू नये. कार्यक्रमपत्रिका परिषदेच्या संकेतस्थळावर सर्वांना दिसते, आणि पत्र व पत्रिका यांत फरक निघाला तर प्रश्न निधीपुरता राहत नाही.

आयोजक खर्च करणार नाहीत, हे वाक्य नवख्याला अपमानास्पद वाटते. आपल्याला कोणी काही देत नाही हे स्वतःच लिहून का घ्यायचे? पण लेखा विभागाला एकाच खर्चाची दोन ठिकाणांहून भरपाई होणार नाही याची खात्री हवी असते, आणि आयोजकांनाही त्यांच्यावर जबाबदारी येत नाही हे स्पष्ट झालेले हवे असते. दोन्ही बाजूंना हवे असलेले असे दुसरे वाक्य त्या पत्रात नसेल. परिषदेने खरोखर नोंदणी शुल्कात सूट दिली असेल तर तेवढीच सूट स्पष्ट लिहून घ्यावी आणि अर्जातून ती रक्कम वगळावी. बाहेरच्या एखाद्या योजनेतून अर्धा खर्च मागितला असेल तर तेही अर्जातच सांगून टाकावे. आयोजकांच्या पत्रात त्याचा उल्लेख लागत नाही.

7 जुलैला उत्तर आले, लेटरहेडवर, सहीनिशी. मजकूर जवळपास जसाच्या तसा ठेवला होता. चूक माझीच होती, आणि ती नावाची होती.

आपल्याकडे एकाच बाईची तीन नावे कागदोपत्री फिरतात. माझ्या निबंधावर नावाचे आद्याक्षर आणि माहेरचे आडनाव आहे, कारण लग्नाआधीपासूनचे लेखन त्याच नावाने आहे. पासपोर्टवर पहिल्या रकान्यात सासरचे आडनाव आणि दुसऱ्या रकान्यात स्वतःचे व पतीचे नाव एकत्र आहे. सेवापुस्तिकेत आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग पतीचे. मसुद्यात मी निबंधावरचे नाव लिहिले होते. अण्णांनी पत्र पाहून विचारले, “या बाई आपल्याकडे नोकरीला आहेत का?” विनोद होता, पण शेरा विनोदाचा नव्हता. 8 तारखेला मी अध्यक्षांना पुन्हा लिहिले, चूक माझी असल्याचे आधी कबूल केले आणि फक्त एका ओळीचा बदल मागितला: पासपोर्टवरील पूर्ण नाव, आणि त्यापुढे ‘निबंधात अमुक नावाने उल्लेखित’. कोणती ओळ, जुना मजकूर काय, नवा मजकूर काय, हे एकाखाली एक लिहून दिले. 10 जुलैला दुरुस्त पत्र आले. पासपोर्टवरचेच नाव धरावे असे मी सांगेन, कारण पुढे नोंदणी, निमंत्रणपत्र, व्हिसा, तिकीट आणि उपस्थितीचे प्रमाणपत्र या सगळ्यांवर तेच येणार असते. निबंधावरच्या नावाशी त्याची गाठ मात्र या एकाच पत्रात मारून घ्यावी लागते.

ती दुरुस्ती पीडीएफमध्ये स्वतः करण्याचा सल्ला मला स्टाफरूममध्ये मिळाला होता. एक नाव बदलायला दोन मिनिटे लागली असती हे खरे आहे. पण सही दुसऱ्याची आणि मजकूर आपला, याला बनावट कागद म्हणतात, नाव खरे असले तरी. पत्राची तारीख मागची टाकून मागणे हेही त्यातलेच. पत्र उशिरा आले तर उशिराची तारीख राहू द्यावी आणि अर्जावर त्यानंतरची तारीख घालावी.

शिक्क्याचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या कार्यालयांना गोल शिक्का असल्याशिवाय कागद पूर्ण वाटत नाही, आणि परदेशातील कित्येक प्राध्यापकांकडे असा शिक्का नसतोच. परिषद ही कायमची संस्था नसते. तिचे लेटरहेडही त्या वर्षापुरते असते. अध्यक्षांना शिक्का मागून मी गोंधळात टाकले नाही. त्याऐवजी पत्र ज्या मेलसोबत आले ती मेल, पाठवणाऱ्याच्या विद्यापीठाचा पत्ता आणि तारीख दिसेल अशी पूर्ण छापून पत्राला जोडली, आणि परिषदेच्या समितीच्या पानाची प्रत त्यावरील त्याच नावासह जोडली. अण्णांनी त्यावर ‘मेलद्वारे प्राप्त, पडताळले’ असे लिहून सही केली. प्रत्येक कार्यालय हे मान्य करेलच असे नाही, म्हणून पत्र मागण्यापूर्वीच लेखा विभागाला विचारून घ्यावे की स्कॅन केलेली सही चालते का, शिक्का अनिवार्य आहे का, आणि पत्र कोणाच्या नावे हवे, लेखकाच्या की प्राचार्यांच्या. हा पाच मिनिटांचा प्रश्न मी आधी विचारला असता तर जूनचा शेवटचा आठवडा वाचला असता.

आणखी एक अडचण माझ्या वाट्याला आली नाही, पण विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याच्या वाट्याला पुढच्याच वर्षी आली. त्याच्या पत्रात ‘अंतिम प्रत आणि नोंदणी यांच्या अधीन राहून स्वीकृत’ असे होते. समितीतील एका सदस्याने त्याचा अर्थ ‘अजून स्वीकृत नाही’ असा घेतला आणि प्रस्ताव पुढच्या बैठकीवर गेला. असा मजकूर चुकीचा नाही. अंतिम प्रत दिली नाही किंवा कोणी नोंदणी केली नाही तर निबंध खरोखर वगळला जातो. अशा वेळी त्या वाक्याआधी ‘परीक्षण पूर्ण झाले असून निबंध स्वीकारण्यात आला आहे, तो प्रकाशित होण्यासाठी पुढील दोन बाबी आवश्यक आहेत’ अशी मांडणी करून मागावी. अट तीच राहते, पण ती स्वीकृतीची न राहता प्रकाशनाची ठरते.

उत्तर आले नाही तर? माझ्या मते पाच कामाचे दिवस थांबून त्याच मेलच्या साखळीत दोन ओळींचे स्मरणपत्र द्यावे, नवी मेल सुरू करू नये. स्वीकृती कळवल्यानंतरच्या आठवड्यात अध्यक्षांकडे तक्रारी, मुदतवाढीच्या मागण्या आणि लेखकांची नावे बदलण्याच्या विनंत्या यांचा पूर येतो, त्यात आपली मेल खाली जाते. युरोपात ऑगस्ट हा सुट्ट्यांचा महिना असतो, हेही धरून चालावे. दुसऱ्या स्मरणपत्रात स्थानिक आयोजन समितीच्या अध्यक्षांना प्रत जोडावी. तिसऱ्यांदा मागण्यापेक्षा मग कार्यालयाशी बोलून पाहावे की मेल, कार्यक्रमपत्रिका आणि नोंदणीचे पान एवढ्यावर तात्पुरती मान्यता मिळते का.

याच्या उलट, काही ठिकाणी पत्र मागायचीही गरज पडत नाही. निबंध पाठवल्यावर दोन दिवसांत सोनेरी किनार असलेले, शिक्क्यांनी भरलेले स्वीकृतिपत्र येते, त्यात आपल्या नावापुढे नसलेली पदवीही असते आणि शेवटी शुल्क भरण्याचा दुवा असतो. परीक्षकांचे अभिप्राय मात्र नसतात, कारण अशा परिषदांना फक्त शुल्क हवे असते. असे पत्र अण्णांच्या चाळणीतून सहज पार पडेल, कारण त्यात सगळे रकाने भरलेले असतात, आणि म्हणूनच मी अर्जाला परीक्षकांचे अभिप्रायही जोडते. आमच्या समितीने पुढे ते सर्वांसाठी आवश्यक केले.

माझा प्रस्ताव 11 जुलैला गेला, 18 तारखेच्या बैठकीत मंजूर झाला आणि 23 तारखेला आदेश हाती आला. 25 जुलैला 450 युरोंत नोंदणी केली आणि पावती घेऊन त्याच दिवशी नोंदणी कक्षाकडे निमंत्रणपत्र मागितले. या वेळी शब्द बरोबर होता आणि पत्ताही, त्यामुळे पासपोर्टचा तपशील भरायचा अर्ज लगेच मिळाला. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून किमान 15 दिवस आधीपर्यंत करता येतो आणि निर्णयाला साधारणपणे 15 दिवस धरलेले असतात. तरी भेटीची वेळ लवकर मिळेल याची खात्री नसते, म्हणून गणपतीच्या सुट्टीपूर्वीच मी ते काम उरकले. व्हिसाच्या फाइलमध्येही ते स्वीकृतिपत्र जोडले, महाविद्यालयाच्या मंजुरी आदेशाशेजारी, कारण खर्च कोण करणार याचे उत्तर दोन्ही कागदांवर एकच होते.

परतल्यावर बिल सादर करताना अण्णांनी ते पत्र पुन्हा बाहेर काढले आणि उपस्थितीच्या प्रमाणपत्रावरील नाव, तारखा व निबंधाचे शीर्षक त्याच्याशी ओळीने ताडून पाहिले. लिस्बनमध्ये शेवटच्या दुपारी नोंदणी कक्षाने दिलेल्या प्रमाणपत्रावर आधी निबंधावरचेच नाव छापलेले होते. ते मी तिथेच, टेबलासमोर उभी राहून, पत्राची प्रत दाखवून बदलून घेतले होते.